ट्रॉली कशाला, स्टूल आहे की!

काल बँकेत एका अनोळखी आजोबांनी माझ्या पार्लरची ट्रॉली रद्द केली.

मुद्रा कर्जासाठी गेले होते. त्याआधीचे हाल थोडक्यात सांगते. फुकट होणाऱ्या उद्यम नोंदणीचे सायबर कॅफेवाल्याने पाचशे घेतले. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, म्हणजे कागदोपत्री मी दोन बायका! ते विवाह नोंदणीच्या दाखल्यावर कसंबसं मिटलं.

मग साहेबांनी कोटेशन उघडलं. हायड्रॉलिक खुर्ची 14,000, फेशियल बेड 9,500, केस धुवायचं बेसिन 22,000, स्टीमर 2,500, वॅक्स हीटर 1,200, ट्रॉली 3,000. एकूण 52,200.

"मुद्राचा शिशू गट 50,000 पर्यंतच," साहेब म्हणाले. "त्यावर गेलात की किशोर. मग प्रकल्प अहवाल आणा, काय काय आणा. त्यापेक्षा 2,200 कमी करा ना."

शेजारी पासबुक भरायला आलेले आजोबा इतका वेळ माझ्या खांद्यावरून वाचतच होते.

"चौदा हजारांची खुर्ची? आमचा न्हावी चाळीस वर्षं लाकडीवर भागवतोय."

"आजोबा, ही वरखाली होते."

"मग बाईलाच वरखाली व्हायला सांग. आणि बेड कशाला? झोपायला येतात का?"

"फेशियलला झोपावं लागतं."

"दिवसा?" आजोबा हादरले. मग बोट खाली सरकलं. "ही ट्रॉली कसली? विमानतळावरची?"

"क्रीम, ब्रश, कात्र्या ठेवायची."

"स्टूल आहे की! साहेब, ट्रॉली काढा."

आणि साहेबांनी खरंच पेन्सिलने काट मारली! कर्ज मी फेडणार, हप्ता माझा, पण मला कोणी विचारलंच नाही. वर "मिस्टर काय करतात? त्यांची सही आणा" हेही झालं. मुद्राला तारण लागत नाही असं बाहेरच्या फलकावर लिहिलंय. आमचे हे तारणात मोडत नसावेत.

(मावशी म्हणाली होती, सबसिडीवाली पीएमईजीपी कर्ज योजना घे. घेतली असती. पण ती सबसिडी हातात पडत नाही, आपल्या नावाने तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहते. हे मावशीला समजावण्यात अर्धा रविवार गेला.)

घरी येऊन दुकानदाराला फोन केला. "ताई, ट्रॉली काढली तर सेट मोडतो. सेटवरची सूट जाणार." नवं कोटेशन आलं ते 50,700 चं.

रात्री माहितीपत्रक नीट वाचलं. शिशू की किशोर हे कर्जाच्या रकमेवर ठरतं, कोटेशनच्या नाही. वरचे 2,200 मी स्वतःचे दाखवले असते तर ट्रॉलीसकट शिशूतच बसले असते. हे साहेबांना माहीत नसेल?

सोमवारी जुनंच कोटेशन घेऊन जाणार आहे. जरा लवकर, पासबुकवाले यायच्या आत.