उधारीची मर्यादा कोणी सांभाळायची, कोडने की डेटाबेसने?

व्यवसायाचे नियम स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये ठेवायचे की ॲपच्या कोडमध्ये, यावर आमच्या नाशिकच्या छोट्या टीममध्ये अजून वाद चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे: नियम कोडमध्ये असावेत. दोघांनी एकाच वेळी बटण दाबल्यावर जे बिघडू शकतं, तेवढंच डेटाबेसकडे सोपवावं.

कृषी सेवा केंद्राचं बिलिंग घ्या. ऑक्टोबर छाटणी लागली की द्राक्षबागायतदारांची औषधांची उधारी वाढते आणि पैसे येतात ते माल निघाल्यावर. मग दुकानदार सांगतो, "जुन्या गिऱ्हाइकांची मर्यादा छाटणीपुरती वाढवा, पण मागचं थकलंय त्यांची नको." पुढच्या हंगामात तोच नियम बदलतो. कोडमध्ये असेल तर कोणी, कधी, का बदलला हे गिटमध्ये दिसतं आणि डेटाबेस न उभारता टेस्ट चालवता येते. प्रोसिजरच्याही फाइल्स गिटमध्ये ठेवता येतात, मान्य. पण दुकानदार फोनवर ताटकळत असताना कोणीतरी थेट सर्व्हरवर `CREATE OR REPLACE` चालवतो आणि जुना मजकूर तिथून पुसला जातो. तीन-चार जणांच्या टीममध्ये हे होतंच.

प्रोसिजरवाल्यांचा मुद्दा असा की डेटाबेसमधला नियम कोणाला चुकवता येत नाही. इथे नीट बघा. मर्यादा 5,00,000, बाकी 4,60,000. दोन काउंटरवर एकाच क्षणी 30,000 ची दोन बिलं होतात. दोघांनी आधी बाकी वाचली, दोघांनाही जागा दिसली, दोघांनी बिल केलं. बाकी झाली 5,20,000. हेच वाचन आणि हीच बेरीज प्रोसिजरमध्ये लिहिली तरी घोटाळा तसाच होतो, कारण नुसत्या प्रोसिजरने रो लॉक होत नाही. तपासणी आणि बदल एकाच वाक्यात हवेत:

```sql
UPDATE khate
SET baki = baki + 30000
WHERE id = 42
  AND baki + 30000 <= maryada;
```

पोस्टग्रेसच्या नेहमीच्या आयसोलेशनमध्ये दुसरं बिल पहिलं कमिट होईपर्यंत थांबतं आणि नव्या बाकीवर अट पुन्हा तपासतं. बदललेल्या रो 0 आल्या, की ॲपने बिल नाकारायचं. हे वाक्य कोडमधूनच जातं, प्रोसिजर लागत नाही. मर्यादा किती हे कोड ठरवतो.

मग `CHECK (baki <= maryada)` का नको? हंगाम संपल्यावर मर्यादा 3,00,000 वर आणायची असते आणि बाकी अजून 4,00,000 असते. हा कन्स्ट्रेंट ती मर्यादा उतरवूच देणार नाही. गोदामातल्या साठ्यावर मात्र `CHECK (satha >= 0)` हवाच. एक्सेलमधून कोणी आकडे थेट टेबलात भरले तरी तो अडवतो.

महिनाअखेरीला सगळ्या खात्यांवर व्याज चढवायचं असेल, तर लाखो रो ॲपमध्ये ओढून परत लिहिण्यापेक्षा मी खुशाल प्रोसिजर लिहीन, व्याजाचा दर तिला बाहेरून देऊन.