नवं पाकीट पाळी बघून नव्हे, वार बघून सुरू करायचं

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल एक निरोप असा: “21 गोळ्यांचं पाकीट घेऊ नका, मधले सात दिवस औषध नसतं, तेव्हा दिवस जाऊ शकतात. 28 चं पाकीट महिनाभर संरक्षण देतं. त्यातल्या शेवटच्या तपकिरी गोळ्या खोट्या असतात, टाकून दिल्या तरी चालतं. दर महिन्याला पाळी आली की पाचव्या दिवशी नवं पाकीट सुरू करा. पाचवा दिवस हुकला तर पुढच्या पाळीपर्यंत थांबा.”

आधी पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचा. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनचं पाकीट घ्या. त्यात 21 पांढऱ्या गोळ्या असतात आणि प्रत्येकीत लिव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिग्रॅ आणि एथिनिल इस्ट्रॅडिऑल 0.03 मिग्रॅ ही दोन संप्रेरकं. उरलेल्या 7 तपकिरी गोळ्यांत संप्रेरक नाही, फेरस फ्युमरेट म्हणजे लोह आहे. आता मेडिकलमधून याच संप्रेरकांचं, याच मात्रेचं 21 चं पाकीट आणून शेजारी ठेवा. पांढऱ्या गोळ्यांत काही फरक सापडणार नाही. म्हणजे 28 च्या पाकिटातही सात दिवस गर्भनिरोधक औषध पोटात जात नाहीच. तिथे गोळी घ्यायची सवय चालू राहते, 21 मध्ये ती थांबते, इतकाच फरक. सात दिवस मोजायला विसरणाऱ्या बाईला 28 चं पाकीट सोयीचं पडतं. ती सोय खरी आहे, पण तिला जास्त संरक्षण म्हणता येत नाही.

मग त्या सात दिवसांत दिवस जातात का? आधीच्या 21 गोळ्या न चुकता घेतल्या असतील आणि आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू होणार असेल, तर नाही. गोळ्या चालू असताना बीजकोष झोपलेले असतात. गोळी थांबली की ते हळूहळू जागे होतात, बीज वाढू लागतं. पण ते पक्व होऊन बाहेर पडण्याआधीच नव्या पाकिटाची पहिली गोळी येते आणि ती वाढ तिथेच थांबते. सुट्टी सात दिवसांची ठेवली आहे ती या हिशेबाने. त्यात आठवा-नववा दिवस घुसवला की हिशेब ढासळू लागतो. गोळ्यांच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक हीच, सुट्टी लांबणं.

आणि तो निरोप नेमकी तीच चूक करायला सांगतो. एक उदाहरण वारांनुसार मांडू. एका बाईने पहिली गोळी सोमवारी घेतली. तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी एकविसावी संपली. सोमवार ते रविवार सुट्टी, म्हणजे नवं पाकीट त्यापुढच्या सोमवारी. रक्तस्राव बहुधा सुट्टीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतो. समजा तिला तो बुधवारी आला. पाचवा दिवस रविवारी पडतो, काही बिघडत नाही. पण एखाद्या महिन्यात तो शुक्रवारी आला तर? शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ. नवं पाकीट मंगळवारी, सुट्टी आठ दिवसांची. शनिवारी आला तर बुधवारी, सुट्टी नऊ दिवसांची. आणि गोळ्यांवर असताना कधी कधी रक्तस्राव अगदी थेंबभर होतो किंवा होतच नाही. अशी बाई पाचवा दिवस कधीपासून मोजणार? ती वाट बघत बसते, बीजकोष मात्र थांबत नाहीत.

हा पाचव्या दिवसाचा नियम अगदीच हवेतून आलेला नाही. 1960 मध्ये अमेरिकेत पहिली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली, तेव्हा पाळीच्या पाचव्या दिवसापासून 20 गोळ्या घेण्याची पद्धत होती. जुनं सांगणं तोंडोतोंडी टिकून राहिलं आणि नव्या पाकिटावर चिकटलं. आज पाचव्या दिवसाचा संबंध फक्त आयुष्यातल्या पहिल्या पाकिटाशी, किंवा खंड पडून पुन्हा सुरू करण्याशी आहे. चालू पाकिटांत पहिला वार ठरला की तोच वार कायम. रक्तस्राव सुरू असो, संपलेला असो, आलाच नसो. सगळ्या गोळ्या वेळेवर घेऊनही सलग दोनदा आला नाही, किंवा मध्ये गोळ्या चुकल्या होत्या आणि मग आला नाही, तर लघवीची चाचणी करावी.

खरं तर सुट्टीतला हा रक्तस्राव नेहमीच्या पाळीसारखा नसतो. संप्रेरक थांबल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर गळतं, एवढंच. म्हणूनच डॉक्टरांना विचारून काहीजणी सुट्टी न घेता पांढऱ्या गोळ्यांचं दुसरं पाकीट सलग सुरू करतात. गणपतीत किंवा लग्नघरात पाळी नको म्हणून मेडिकलवाल्याकडून भलतीच गोळी मागून घेण्यापेक्षा, आधीपासून या गोळ्यांवर असलेल्या बाईला हा मार्ग सरळ आहे.

तपकिरी गोळ्यांचं अर्धसत्य वेगळं आहे. गर्भ रोखण्याच्या कामाच्या त्या नाहीत हे बरोबर; एखादी विसरली तर ती टाकून पुढची घ्या, काही बिघडत नाही. पण त्यांतलं लोह खरं आहे. शिवाय सातही गोळ्या टाकून दिल्या तरी सात दिवस मोजावेच लागतात. टाकणाऱ्या बायका नेमक्या मोजायचं विसरतात, किंवा गोळ्याच नाहीत तर पाकीट संपलं म्हणून पुढचं आणायला उशीर करतात. एकच प्रसंग असा की त्या मुद्दाम सोडायच्या: तिसऱ्या आठवड्यात लागोपाठ दोन किंवा जास्त पांढऱ्या गोळ्या चुकल्या असतील तर. तेव्हा आठवली की लगेच एक गोळी घ्यायची, उरलेल्या पांढऱ्या रोज एक याप्रमाणे संपवायच्या, तपकिरी बाजूला ठेवून थेट नवं पाकीट उघडायचं, आणि सलग सात पांढऱ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरायचा.

आणि 28 गोळ्या दिसल्या म्हणजे शेवटच्या सात बिनऔषधी, असं धरून चालू नका. काही पाकिटांत 24 औषधाच्या आणि 4 बिनऔषधी असतात. फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं एकच संप्रेरक असलेल्या काही पाकिटांत तर 28 च्या 28 औषधाच्या, रंगही एकच. तिथे सुट्टी नसतेच. ‘छाया’ ही सरकारी गोळी आणखी निराळी: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिला यातलं काहीच लागू नाही.

राहिला पहिला दिवस. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत कधीही पहिली पांढरी गोळी घेतली तर संरक्षण लगेच मिळतं. पाचवा दिवस हुकला म्हणून महिनाभर थांबायचं कारण नाही, उलट त्या महिन्यातच दिवस जायची भीती. गर्भ नाही याची खात्री असेल तर आज, आत्ता सुरू करता येतं. फक्त पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. नुकतं बाळंतपण झालेलं असेल, रक्तदाब असेल, डोळ्यांसमोर चमकून अर्धशिशी उठत असेल किंवा पस्तिशीनंतर तंबाखू ओढण्याची सवय असेल, तर वार निवडण्याआधी ही गोळी आपल्याला चालते का हेच डॉक्टरांना विचारायचं.

पाकिटावर वार छापलेले असतील तर ज्या वारी सुरू करता त्या वाराच्या गोळीपासून बाणाच्या दिशेने जायचं. छापलेले नसतील तर पहिल्या गोळीच्या मागे पेनाने वार लिहून ठेवा. पुढचं पाकीट, त्यापुढचं पाकीट, सगळी त्याच वारी उघडायची.