नाबाद डावाच्या धावा मोजायच्या, डाव मोजायचा नाही

"स्कोअरकार्डचे फोटो घ्या, नाबाद डाव सरळ सोडून द्या आणि उरलेल्या धावांना उरलेल्या डावांनी भागा, नाहीतर सरासरी उगाच फुगते. स्ट्राइक रेट कार्डावर छापलेलाच असतो, सगळ्या डावांचा मिळून सरासरीने काढा. नाबाद कोण ते धावांपुढच्या चांदणीवरून कळतंच."

स्कोअरकार्डच्या फोटोंवरून फलंदाजाची सरासरी आणि स्ट्राइक रेट काढायचा म्हटलं की असा सल्ला मिळतो. यातलं पहिलं वाक्य सर्वात जास्त नुकसान करतं, म्हणून आधी तेच घेऊ. फलंदाजीची सरासरी म्हणजे फलंदाज एकदा बाद होईपर्यंत साधारण किती धावा करतो तो आकडा. त्यामुळे वर सगळ्या धावा येतात, नाबाद डावांतल्यासुद्धा, आणि खाली फक्त तो किती वेळा बाद झाला ते येतं. नाबाद डाव अर्धवट राहिलेला असतो. त्यातल्या धावा खऱ्याच आहेत, फक्त बाद होणं पुढच्या डावावर गेलेलं असतं.

एका फलंदाजाचे सहा डाव घेऊ. कंसात खेळलेले चेंडू आहेत: 34 (28) झेलबाद, 61 (40) नाबाद, 0 (0) धावबाद, 12 (15) त्रिफळाचीत, 8 (2) नाबाद, 45 (36) रिटायर्ड हर्ट. सातव्या सामन्यात त्याला फलंदाजीच मिळाली नाही, म्हणून तो सामना डावांत धरायचा नाही. एकूण धावा 160. तो बाद झाला तीन वेळा, कारण दुखापतीमुळे मैदान सोडून परत न आलेला फलंदाज नाबादच धरतात. सरासरी 160 भागिले 3, म्हणजे 53.33. नाबाद डाव सोडले तर उरतात 46 धावा आणि सरासरी येते 15.33, म्हणजे त्याच्या तीन सर्वांत मोठ्या डावांपैकी दोन हिशोबातूनच गायब. धावबाद शून्यात त्याने एकही चेंडू खेळला नाही, तरी ते बाद होणं मोजावंच लागतं.

रिटायर्ड हर्ट आणि रिटायर्ड आऊट यांत मात्र गफलत करू नका. आजारपण, दुखापत किंवा तशाच न टाळता येणाऱ्या कारणाने गेलेला फलंदाज परतला नाही, तरी नाबाद. स्वतःहून किंवा संघाच्या डावपेचासाठी गेला आणि परत आला नाही, तर बाद. वरचा 45 चा डाव रिटायर्ड आऊट असता, तर भाजक 4 झाला असता आणि सरासरी थेट 40 वर आली असती.

सरासरी फुगते या तक्रारीत थोडं तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. 1953 च्या इंग्लंड दौऱ्यात ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज बिल जॉन्स्टन 17 डावांत 16 वेळा नाबाद राहिला, त्याने एकूण 102 धावा केल्या आणि सरासरीही 102 निघाली! पण त्यावर उपाय म्हणून धावा फेकून देणं चूक. डावामागे धावा हा वेगळा आकडा शेजारी लिहा, आणि त्याला सरासरी म्हणू नका. ब्रॅडमनच्या कसोटीतल्या 6996 धावा 80 डावांतल्या, त्यात 10 वेळा नाबाद. 70 ने भागल्यावर 99.94, 80 ने भागल्यावर 87.45. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण सरासरी पहिल्यालाच म्हणतात.

स्ट्राइक रेटचा बाद-नाबादशी काहीच संबंध नाही. एकूण धावा, भागिले एकूण चेंडू, गुणिले 100. वरच्या उदाहरणात चेंडू 121, म्हणून 132.23. डावागणिक स्ट्राइक रेट काढले तर 121.43, 152.50, 80, 400 आणि 125 येतात (शून्य चेंडूंच्या डावाचा निघतच नाही), आणि त्यांची सरासरी 175.79. दोन चेंडूंतल्या आठ धावांना चाळीस चेंडूंच्या डावाइतकं वजन मिळाल्यावर दुसरं काय होणार?

आता चांदणी. फोटोत ती नेहमीच नीट दिसत नाही: कधी कागदावरच्या ठिपक्यासारखी वाटते, कधी घडीच्या रेषेत हरवते. दुसरा धोका म्हणजे चालू सामन्याच्या फलकाचा फोटो. तिथे कित्येकदा चांदणी स्ट्राइकवर असलेल्या फलंदाजापुढे असते, म्हणजे खेळपट्टीवरचे दोघेही नाबाद असताना चांदणी एकालाच. शिवाय डाव तेव्हा संपलेलाच नसतो. अशा फोटोवरून सरासरी काढू नये, अंतिम कार्डच घ्यावं.

चांदणीवर विसंबण्यापेक्षा कार्डाचाच ताळा जुळवा. 61 नाबाद असलेलं कार्ड 20 षटकांत 4 बाद 158 असं आहे, आणि सहा जण खेळले: 61, 34, 22, 5, 17, 9. चार गडी बाद, म्हणजे नाबाद दोनच असणार. तुमच्या यादीत पाच बाद निघाले, तर एक चांदणी नजरेतून सुटली आहे. धावांची बेरीज 148, अवांतर 10, एकूण 158. 61 चे 67 वाचले गेले, तर बेरीज सहाने जास्त येऊन लगेच कळतं.

चेंडूंचाही ताळा असतो. षटकांचे 120 चेंडू अधिक नोबॉल: या कार्डात दोन नोबॉल आहेत, म्हणून सहा फलंदाजांचे चेंडू मिळून 122 यायला हवेत. नोबॉल फलंदाजाच्या चेंडूंत धरतात, वाइड नाही. लेगबायचा चेंडू धरतात, धाव त्याच्या नावावर नाही. बेरीज बरीच वर गेली, तर बहुधा चेंडूंऐवजी मिनिटांचा रकाना उचलला गेलाय. डाव 18.4 षटकांत संपला असेल, तर चेंडू 18 गुणिले 6 अधिक 4, म्हणजे 112. 18.4 ला सहाने गुणू नका. छापील स्ट्राइक रेटचा खरा उपयोग इथेच आहे: 40 आहे की 46 हे फोटोत कळत नसेल आणि पुढे 152.50 दिसत असेल, तर 61 गुणिले 100 भागिले 152.50 बरोबर 40.

आकडे तक्त्यात भरताना आणखी एक गोची होते. रकान्यात 61* आणि 8* असं टाइप केलं की ते अक्षर समजलं जातं आणि SUM ते गुपचूप वगळतं. आपल्या फलंदाजाच्या धावा 160 ऐवजी 91 दिसतात, चुकीची सूचनाही येत नाही. म्हणून B मध्ये नुसता आकडा, C मध्ये चेंडू, D मध्ये बाद किंवा नाबाद:

```
=SUM(B2:B7)/COUNTIF(D2:D7,"बाद")
=SUM(B2:B7)/SUM(C2:C7)*100
```

फलंदाज एकदाही बाद झाला नसेल, तर पहिलं सूत्र #DIV/0! दाखवतं, आणि ते योग्यच आहे. तिथे 1 ने भागून आकडा काढू नका. सरासरीच्या जागी आडवी रेघ द्या, धावा आणि नाबाद डाव शेजारी लिहा.