कोकोच्या कानाचे केस का कापावे लागले

"टेकडीवरून आल्यावर कोकोच्या अंगाला काटे चिकटले होते, म्हणून घेऊन गेले. नुसतं विंचरून द्यायचं होतं. तीन तास ठेवलं, एका कानाचे केस न विचारता काढले, काखेत टक्कल केलं, तेलकट अंगानेच घरी दिला आणि वर सहाशे रुपये जास्त घेतले."

नमस्कार ताई,

तुमच्या कुत्र्याबद्दलची, कोकोबद्दलची, तुमची वर दिलेली तक्रार वाचली. त्याच्या केसांना मशीन लावण्याआधी मी तुम्हाला फोन करायला हवा होता. तो केला नाही, ही पूर्णपणे माझी चूक आहे. त्यामुळे जादाचे सहाशे रुपये मी परत करतोय. पण आत नेल्यावर काय काय झालं, ते तुम्हाला नीट कळायला हवं.

कोकोच्या अंगावर होती ती लांडगा नावाच्या रानटी झुडपाची काटेरी बोंडं. पावसाळा संपून रान वाळलं की टेकडीच्या वाटेवर ती सगळीकडे असतात. बोंडाच्या प्रत्येक काट्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं असतं आणि कोकोसारख्या कॉकर जातीच्या कुत्र्याचे केस रेशमासारखे बारीक, त्यामुळे एकेक बोंड चारी बाजूंचे केस धरून बसतं. काटे चिकटल्यावर तुम्ही त्याला घरी आंघोळ घातली होतीत, असं तुम्ही सोडायला आलात तेव्हा बोलला होतात. हेतू चांगलाच होता, पण गुंता न सोडवता पाणी लागलं आणि चोळलं गेलं की केस नमद्यासारखे घट्ट बसतात. उजव्या कानामागे तेच झालं होतं.

आम्ही सुरुवात तेलानेच केली. एका बोंडाला खोबरेलाचे चार-पाच थेंब, बोटांनी आत मुरवायचे आणि दहा मिनिटं थांबायचं. तेलाने काटा विरघळत नाही, केस निसरडे होऊन आकड्यातून सुटतात, एवढंच. मग केस मुळाशी चिमटीत धरायचे, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचत नाही. बोंड ओढायचं नाही; त्यातून केस थोडे थोडे मोकळे करायचे. जे हलतच नाही, ते पकडीने हलकेच चिरडायचं, म्हणजे त्याचे काटे मोडतात. फणी सगळ्यात शेवटी, आणि तीही केसांच्या टोकाकडून मुळाकडे सरकत. छातीवरची, पायांवरची आणि डाव्या कानाची मिळून छत्तीस बोंडं अशी निघाली. तीन तासांतले जवळजवळ दोन त्यातच गेले. मधे कोको दमून कुरकुरायला लागला की दर वेळी थांबलो.

कात्री कुठे चालवायची, हे फणी सांगते. गुंता आणि कातडी यांच्यामध्ये फणी सरकली, तर तिच्या वरच्या बाजूने, केसांच्या दिशेने गुंत्याला दोन-तीन उभ्या चिरा द्यायच्या. मग तो फुटतो, विंचरता येतो आणि केसांची लांबी राहते. डाव्या कानाला हेच केलं, म्हणून तो तुम्हाला जवळजवळ पहिल्यासारखा दिसला असेल. उजव्या कानामागे आणि काखेत मात्र फणीचा दातच आत जाईना. अशा ठिकाणी गुंता वर उचलला की पातळ कातडीही त्याच्याबरोबर तंबूसारखी वर येते आणि कात्रीत सापडते. कानाची कड आणि काख इथे हा धोका सगळ्यात जास्त. म्हणून कात्री ठेवली, कॉर्नफ्लॉवर लावून तेल टिपून घेतलं (तेलकट केसांत मशीनचं ब्लेड अडकतं) आणि मशीन लावलं. खाली कातडी लाल आणि ओलसर होती. तशा जागी दुसऱ्यांदा शाम्पू चोळणं मला बरोबर वाटलं नाही, म्हणून तेलकटपणा राहिला. हे तुम्हाला घेऊन जाताना सांगायला हवं होतं.

आता दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. गुंत्याचं ओझं उतरल्यावर कुत्री कान जोरात झटकतात आणि कधी कधी कानाच्या पाळीत रक्त साठतं. पाळी मऊ, फुगलेली वाटली तर लगेच डॉक्टरांकडे न्या. दुसरं म्हणजे, पुढच्या डाव्या पायाच्या बोटांमधून आम्ही एक कुसळ काढलं. कुसळ बोंडासारखं वर राहत नाही, ते कातडीत शिरून पुढे सरकत जातं. तो तोच पाय सारखा चाटत असेल, बोटांमध्ये गाठ आली असेल किंवा पाणी येत असेल, तर आत तुकडा राहिला असं समजा. घरी चिमट्याने उकरू नका, ते काम डॉक्टरांचंच.

उरलेलं तेल घालवायला कानाची लाली गेल्यावर कोमट पाण्याने साधा कुत्र्यांचा शाम्पू लावा, साधारण आठवड्याने. तेव्हा त्याला इकडे आणलंत, तर आंघोळ मी स्वतः घालीन, पैसे घेणार नाही, आणि उजव्या कानाच्या मापाने डावाही थोडा कमी करायचा का, ते तुम्ही समोर उभ्या राहून सांगा.