पंखा दोनवर

परवा रात्री १० वाजून ४० मिनिटांनी मी माझ्या होणाऱ्या बायकोच्या मामांना लाडात येऊन मेसेज केला. लेखी. ६१ जणांसमोर.

लग्नाला २३ दिवस राहिलेत. दोन्हीकडच्या मंडळींचा एक ग्रुप आहे, त्यात बसमध्ये कोण कुठे बसणार यावर दिवसरात्र खल चालतो. त्या रात्री तिचा मेसेज आला, 'उद्या बोलू'. त्याच क्षणी ग्रुपवर मामांचाही आला, 'उद्या बोलू'. (बसबद्दल.) फोन कुलूपबंद, पडद्यावर दोन सूचना एकाखाली एक, आणि मी अंथरुणात आडवा. अंगठा खालच्या सूचनेवर पडला आणि तिथल्या तिथे उत्तर टाइप केलं:

'उद्या कशाला? आत्ताच एकदा "हं" म्हणा ना. तुमच्या त्या पेंगुळलेल्या "हं"शिवाय आम्हांला झोप लागत नाही. पंखा दोनवर आणलाय, केवळ तुमच्यासाठी.'

यात सगळा घात 'तुम्ही'ने केला. 'तू' लिहिलं असतं तर निदान मामांना तरी कळलं असतं की हे आपल्यासाठी नाही. पण आमचं गणित उलटं आहे. पहिला आठवडा आम्ही खरोखरच्या 'तुम्ही'त होतो. 'जेवलात का?' 'हो. तुम्ही?' 'हो.' वॉर्डातल्या दोन नर्स एकमेकींना पेशंटची खबर देतात तसा तो कारभार. नवव्या दिवशी तिने विचारलं, 'तुम्ही घोरता का?' मी नाही म्हटलं. तिचं उत्तर आलं, 'खोटं. तुझ्या बाबांनी माझ्या बाबांना सांगितलंय.' त्या वाक्यात ती तुम्हीवरून तूवर आली ती आलीच. तेव्हापासून 'तू' हे रोजचं झालं आणि 'अहो, ऐकलंत का, तुम्ही' हे सगळं लाडाचं. आता ही भानगड ६१ जणांना कशी समजावणार?

पंख्याचंही तसंच. मला पंखा पाचवर लागतो, तिला दोनवर, तोही पायांवर पांघरूण घेऊन. हे लग्नानंतर पहिल्या रात्री कळलं असतं तर दोघांपैकी एकजण मुकाट कुडकुडला असता किंवा मुकाट घामाघूम झाला असता, आणि 'काही नाही, ठीक आहे' म्हणत पुढची दोन वर्षं तसाच झोपला असता. मेसेजमध्ये त्यावर सहा दिवस सौदेबाजी चालली. 'तीनवर येते, पण बदल्यात काय?' यावर मी काय काय देऊ केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एवढ्या दिवसांत मला एक गोष्ट कळली. 'सुंदर दिसतेस' म्हटलं की 'थँक्यू' येतं आणि संभाषण मरतं. बिचारी दुसरं म्हणणार तरी काय? पण 'चिडलीस की एका वाक्यात तीनदा "म्हणजे" म्हणतेस' असं लिहिलं तेव्हा लागोपाठ बारा मेसेज आले, आणि त्यांत सात 'म्हणजे' होते.

कुठे थांबायचं तेही तिच्याच अक्षरांवरून कळतं. 'बर्रं' म्हणजे चालू दे. नुसतं 'बरं', पुढे पूर्णविराम, म्हणजे गाडी रुळावरून घसरली. एकदा मी जरा जास्तच पुढे गेलो. 'बरं.' आलं आणि दोन तास शुकशुकाट. मी खुलासे न करता सॉरी म्हटलं आणि विषय पंख्यावर आणला. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून लिहिलं, 'फोन कधीकधी ताईच्या हातात असतो. आणि तसंही मला अजून तेवढं जमत नाही.' हे वाक्य समोरासमोर, एका खोलीत, कुंडलीत जुळलेल्या गुणांच्या भरवशावर तिला म्हणता आलं असतं का, मला शंका आहे.

असो. मामा.

मेसेज गेल्यावर चूक ध्यानात यायला मला साधारण चार सेकंद लागली. मग थरथरत्या अंगठ्याने मी तो खोडला. Delete for me. माझ्या फोनवरून नाहीसा झाला, मी 'वाचलो' म्हणून उशीत तोंड खुपसलं. म्हणजे आता तो ६१ माणसांना दिसत होता, फक्त मलाच दिसत नव्हता. Undo ची पट्टी खाली काही सेकंद असते, ती मी उशीत असताना येऊन गेली. आणि स्वतःपुरता खोडलेला मेसेज मग सगळ्यांसाठी खोडता येत नाही, कारण हात ठेवायला तो आपल्याकडे उरतच नाही.

१० वाजून ४४ मिनिटांनी मामांचं उत्तर ग्रुपवर आलं: 'पंखा माझ्यासाठी कमी करू नका. मला उकडतं.'

पाठोपाठ एक आवाजी मेसेज. तीन सेकंदांचा. मी कानाला लावला. आधी घसा खाकरला, मग भरदार, सावकाश, मन लावून म्हटलेलं:

"हं."

मग त्यांचा फोनच आला.

"जावईबापू, मिळालं का?"

"हो मामा, पण ते..."

"जरा घाईत झालं. परत म्हणू का?"

"नको, नको! मामा, अहो, ते चुकून..."

"चुकून कसं? मी बसचं म्हटलं उद्या बोलू, तुम्ही म्हणालात उद्या कशाला. बरोबरच आहे. कामाचा माणूस असाच पाहिजे. पण एक सांगा, माझं हं पेंगुळलेलं वाटतं?"

"नाही हो."

"मामी म्हणते वाटतं. ३१ वर्षं म्हणतेय, नीट उत्तर द्या, नुसतं हं काय करता. आज तिला दाखवलं मी. म्हटलं, बघ, लोकांना झोप लागत नाही त्याच्यावाचून."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, "हं."

"आता तुमचं पेंगुळलेलं आलं बघा," मामा खूश होऊन म्हणाले आणि बसच्या सीटांवर आले. २५ मिनिटं.

मामांवर माझा राग नाही. राग बाकीच्या साठांवर आहे. सकाळपर्यंत हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं ग्रुपभर सांडली होती. तिच्या काकूंनी 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं' असं लिहिलं. माझ्या वडिलांनी वेगळा मेसेज करून 'जरा भान ठेव' म्हटलं. हीच माणसं बैठकीत आम्हांला गॅलरीत पाठवून 'बोला मोकळेपणाने' म्हणाली होती आणि दहाव्या मिनिटाला काचेवर टकटक करून आत बोलावत होती. दर रविवारी विचारतात, 'मग, झाली का ओळख?' ओळख होताना दिसली की मात्र तोंडाला पदर. २३ दिवसांनी हेच लोक दाराला बाहेरून कडी लावून खिदळणार आहेत, तेव्हा नाही कुणाला भान आठवणार. ज्या माणसाबरोबर आयुष्यभर एका पंख्याखाली झोपायचं, त्याच्याशी पंख्याबद्दल दोन शब्द बोललो तर चावटपणा!

तिला रात्रभर फोन लावत होतो, उचलला नाही. सकाळी सव्वाआठला एकच शब्द आला. मी श्वास रोखून पूर्णविराम शोधला. नव्हता.

'बर्रं'

मी लगेच लिहिलं, 'मग आज रात्री तरी म्हणशील?'

'मामांचं ऐकलंस ना? पुरे झालं आठवडाभर.'

मामा काल रात्री साडेदहाला पुन्हा पाठवून गेलेत. या खेपेला पाच सेकंदांचं आहे, आणि शेवटी मामींचा आवाज येतो, "झोपा आता."