सॅडल पॉइंट नाही म्हणून उत्तर नाही?

“दोन वाहतूक कंपन्यांच्या गेममध्ये सॅडल पॉइंट सापडला नाही, की त्याला उत्तरच नसतं. मग सगळ्यात मोठा आकडा असलेली चाल धरा, नाहीतर नाणं उडवा. सगळं सारखंच.”

सॅडल पॉइंट म्हणजे आपल्या ओळीत सगळ्यात लहान आणि आपल्या रकान्यात सगळ्यात मोठा असलेला आकडा. एक कोष्टक घेऊन तपासू. आकडे म्हणजे अ कंपनीला ब कडून महिन्यात मिळणारा बाजारहिस्सा, टक्क्यांत. ओळी अ च्या, रकाने ब चे.

| | जादा फेऱ्या | भाडेकपात | जाहिरात |
|---|---|---|---|
| भाडेकपात | 5 | −1 | 0 |
| जादा फेऱ्या | −1 | 2 | 3 |
| जाहिरात | −2 | 1 | 6 |

ओळींतले किमान आकडे −1, −1, −2. त्यांतला मोठा −1. रकान्यांतले कमाल 5, 2, 6. त्यांतला लहान 2. दोन्ही जुळत नाहीत, म्हणजे सॅडल पॉइंट खरंच नाही. इथपर्यंत दावा बरोबर आहे.

मोठा आकडा 6 आहे, पण तो कधी हाती लागणारच नाही. ब ला आकडा जितका लहान तितका बरा, आणि भाडेकपातीचा रकाना जाहिरातीच्या रकान्यापेक्षा प्रत्येक ओळीत लहान आहे. म्हणून ब जाहिरात कधीच करणार नाही. तो रकाना खोडला, की अ ची जाहिरातही जादा फेऱ्यांपुढे दोन्हीकडे कमी पडते. आधी मात्र ती खोडता येत नव्हती, तो 6 आड येत होता. वर्चस्वाचा नियम असा टप्प्याटप्प्याने लावायचा असतो, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

उरल्या दोन-दोन चाली. अ ने भाडेकपात p इतक्या प्रमाणात आणि बाकी वेळा जादा फेऱ्या केल्या, तर ब च्या जादा फेऱ्यांसमोर सरासरी 6p − 1 आणि भाडेकपातीसमोर 2 − 3p. दोन्ही सारखे केले की p = 1/3, आणि सरासरी 1. ब नेही तसंच केलं तर त्याच्या जादा फेऱ्या 1/3, भाडेकपात 2/3, आणि अ ला 1 पेक्षा जास्त मिळू शकत नाही. हेच गेमचं मूल्य. कोणतीही एकच चाल धरली तर अ ला फार तर −1 ची हमी होती, ती इथे 1 झाली. चाली मर्यादित असलेल्या आणि एकाचा तोटा म्हणजे तेवढाच दुसऱ्याचा फायदा ठरणाऱ्या, म्हणजेच सांत शून्य-बेरीज, अशा दोघांच्या प्रत्येक गेमला असं मूल्य असतंच, हे गणितज्ञ फॉन नॉयमनने 1928 मध्ये सिद्ध केलं.

नाणं उडवलं तर p = 1/2. मग ब फक्त भाडेकपात करेल आणि अ कडे 0.5 उरेल, म्हणजे अर्धं गेलं.

आणि 1/3 म्हणजे ‘एकदा कपात, दोनदा फेऱ्या’ असं ठरलेलं चक्रही नव्हे. ब ला ते उमगलं, की तो कपातीला कपातीने आणि फेऱ्यांना फेऱ्यांनी उत्तर देईल; अ ला दर महिन्याला −1. निवड दर वेळी नव्याने, यादृच्छिकच हवी.

हे गणित बाजारहिस्स्यापुरतंच लागू आहे. नफा मोजायला घेतला तर दोघांनीही भाडं उतरवल्यावर दोघांचंही नुकसान होऊ शकतं, मग एकाचा तोटा म्हणजे दुसऱ्याचा फायदा हे गृहीतकच टिकत नाही.