रजिस्टर केलेलं मृत्युपत्रही कोर्टात पडू शकतं

फिरत असलेला मेसेज: ‘मृत्युपत्र शंभरच्या स्टॅम्प पेपरवर टाईप करा, नोटरी करून रजिस्टर करा. मग कोर्टातही कुणी हात लावू शकत नाही. साक्षीदार नावापुरते असतात, त्यांच्या सह्या नंतर घेतल्या तरी चालतात.’

स्टॅम्प पेपर लागतच नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. वहीच्या पानावर हाताने लिहिलेलंही चालतं. नोटरीचा शिक्का असला तरी दोन साक्षीदार लागतातच.

रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे. ते केलेलं चांगलं, कारण कागद नंतर बनवला असं म्हणणं अवघड जातं. पण वाद कोर्टात गेला की रजिस्टर्ड मृत्युपत्रही साक्षीदाराकडूनच सिद्ध करावं लागतं.

सगळ्यात घातक आहे ते शेवटचं वाक्य. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चं कलम 63 सांगतं: किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि प्रत्येकाने स्वतःची सही त्याच्यासमोर करावी.

समजा, नानांनी वरच्या खोलीत पलंगावर बसून सही केली. एक साक्षीदार तिथेच होता. मग मुलगा कागद घेऊन खाली शेजाऱ्यांकडे गेला आणि ओळखीचे म्हणून त्यांनी दारातच सही ठोकली. कागदावर दोन सह्या दिसतात, पण कायद्याने साक्षीदार एकच. शेजारी वर आले असते, नानांनी सही आपलीच असल्याचं सांगितलं असतं आणि त्यांनी नानांच्या देखत सही केली असती, तर मृत्युपत्र टिकलं असतं. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची अट नाही.

ही चूक नाना गेल्यावर उलटतपासणीत बाहेर येते. जानकी नारायण भोईर खटल्यात (2003) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की एकच साक्षीदार तपासला, तर दुसऱ्यानेही रीतसर सही केल्याचं त्याला सांगता आलं पाहिजे. त्या खटल्यात ते सांगता आलं नाही आणि मृत्युपत्र सिद्ध झालं नाही. मसुदा लिहिणाऱ्याची साक्षही कामी आली नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, दोन्ही साक्षीदार आणि नाना एकाच खोलीत बसवा. साक्षीदार नानांपेक्षा तरुण, सहज सापडणारे निवडा आणि त्यांचे पूर्ण पत्ते लिहा. नानांचे फॅमिली डॉक्टर साक्षीदार झाले तर फारच उत्तम. पण त्यांचं वेगळ्या कागदावरचं फिटनेस सर्टिफिकेट म्हणजे साक्ष नव्हे.

ज्याला मिळकत द्यायची त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. ख्रिश्चन आणि पारशी मृत्युपत्रात अशा साक्षीदाराला दिलेला वाटा रद्द होतो. हिंदूंना ते कलम लागू नाही, तरी संशयाला जागा मिळतेच.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात आणि गोव्यात नियम वेगळे आहेत. तिथे वरचं जसंच्या तसं लावू नका.